एक पहाटे उठणारा, एक रात्री जागणारा: सहलीचा दिवस कसा आखावा

अशा जोडप्याला सहलीपूर्वी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे दोघांनीही थोडे बदलावे, सकाळी ८ वाजता उठावे आणि रात्री साडेअकराला झोपावे. हा सल्ला ऐकू नये. त्यात एकाची पहाट जाते, दुसऱ्याची रात्र जाते आणि पदरात पडतो तो दोघांनाही न मानवणारा दिवस. झोपेची नैसर्गिक वेळ काही अंशी आनुवंशिक असते आणि शरीरातील घड्याळ दिवसाला साधारण तासाभरापेक्षा अधिक सरकत नाही, त्यामुळे आठवड्याभराच्या सुटीत स्वभाव बदलण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो.

त्याऐवजी दोघेही जागे असतात ते तास प्रथम मोजावेत. माझी पत्नी रात्री १० वाजता झोपून पहाटे साडेपाचला उठते, तर मी रात्री दीडला झोपून सकाळी ९ वाजता उठतो. म्हणजे सकाळी ९ ते रात्री १० असे तेरा तास दोघेही जागे असतो. त्यांतील पहिल्या तासात मी कामाचा नसतो (तेव्हा माझ्यापुढे नकाशा पसरू नये, हे तिला ठाऊक आहे) आणि शेवटच्या तासात ती पेंगत असते. तरीही अकरा तास उरतात. एकत्र पाहायच्या सगळ्या गोष्टी त्यांत बसवाव्यात. पहाटेचे साडेतीन तास तिचे आणि रात्रीचे साडेतीन तास माझे. त्यांचा हिशेब कोणी कोणाला मागू नये.

पहाटेचे कपडे, बूट आणि किल्ली आदल्या रात्रीच न्हाणीघरात काढून ठेवावी, कारण अंधारात हळूहळू ओढलेली बॅगेची चेन दिव्यापेक्षाही अधिक झोपमोड करते.

खरी कसोटी दुपारी लागते, आणि आमचेही बहुतेक खटके दुपारीच उडत असत. दुपारी २ वाजता पहाटे उठणाऱ्याला जागे होऊन साडेआठ तास झालेले असतात, तर उशिरा उठणाऱ्याला अवघे पाच. एकाचे पाय ओढू लागतात आणि दुसऱ्याला नुकता कुठे हुरूप आलेला असतो. अशा वेळी ‘एवढे एकच ठिकाण पाहून परत जाऊ’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे, कारण त्या एका ठिकाणाची किंमत संपूर्ण संध्याकाळीने चुकवावी लागते आणि ८ वाजता समोरचा माणूस जांभया देऊ लागतो. दुपारी २ ते ४ खोलीवर परतायचेच, असा नियम ठेवावा. म्हणूनच मी मुक्कामाची जागा निवडताना खिडकीतून काय दिसते यापेक्षा दुपारी तेथे किती लवकर पोहोचता येते हे आधी पाहतो.

पहाटे उठणाऱ्याने गजर लावून २० ते २५ मिनिटेच झोपावे. झोप त्याहून लांबली तर ती गाढ होते आणि उठल्यावर बराच वेळ डोके जड राहते. डोळा लागला नाही तरी अंधारात पडून राहावे. उठल्यानंतर कॉफीच्या आहारी जाऊ नये. चारला घेतलेल्या कॉफीतील निम्मे कॅफीन रात्री नऊच्या सुमारासही बहुतेकांच्या शरीरात शिल्लक असते आणि पुढच्या पहाटेची मजा जाते. त्याऐवजी मावळतीच्या उजेडात बाहेर फिरावे, कारण संध्याकाळचा प्रकाश शरीरातील घड्याळ थोडे मागे नेतो. एवढे पाळले की रात्री अकरापर्यंतचा कार्यक्रम पत्नी आनंदाने पाहते.

रात्री जागणाऱ्याने मात्र या दोन तासांत झोपू नये. वाचावे किंवा एकट्याने फेरफटका मारावा. तो झोपला की रात्रीचे दीडचे तीन होतात आणि सामाईक अकरा तासांची सुरुवातच पुढे ढकलली जाते. तिसऱ्या दिवशी तो दहानंतर उठू लागला, तर दुपारच्या झोपेचाच संशय घ्यावा.

सूर्योदय किंवा मध्यरात्रीपर्यंतचा कार्यक्रम दोघांनी मिळून पाहायचा असल्यास असे बेत लागोपाठच्या दिवशी ठेवू नयेत. सूर्योदयाच्या दिवशी दुपारची झोप रात्री जागणाऱ्याची, आणि तीही दीड तासाची.

प्रवास वेगळ्या प्रमाणवेळेत असेल तर हे बरेच सोपे होते. पश्चिमेकडे तीन तासांच्या फरकाने गेल्यास मला घरच्या ९ वाजता, म्हणजे तेथील पहाटे सहालाच जाग येते. म्हणून सूर्योदय पहिल्या दोन दिवसांतच उरकावा. पूर्वेकडे तेवढेच गेल्यास पत्नीचे रात्रीचे १० तेथे मध्यरात्रीनंतरचा १ असतो, आणि उशिराचे कार्यक्रम तेव्हाच घ्यावेत. घड्याळ दररोज स्थानिक वेळेकडे सरकत असल्याने ही सवलत तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपते.