डिंक दिसला की डिंक्याच, असे समजू नका: काकडी-खरबुजाच्या फोटोंवरून निदान करताना या चुका टाळा

मराठवाड्यात जानेवारी-फेब्रुवारीत लावलेले खरबूज मार्चमध्ये फळधारणेला येते आणि नेमके त्याच वेळी अवकाळी पाऊस पडला, तर शेतकऱ्यांच्या मोबाईलवरून फोटोंची देवाणघेवाण सुरू होते. जालन्याकडच्या एखाद्या प्लॉटचे दोन फोटो आले आहेत, असे समजू. पहिल्यात कोवळ्या फळावर मधाच्या रंगाचा थेंब साकळलेला आहे आणि दुसऱ्यात एक वेल मान टाकून पडला आहे. दोन्ही एकाच वावरातले असल्याने उत्तर एकच दिले जाते: हा डिंक्या नावाचा बुरशीजन्य रोग आहे, बुरशीनाशक मारा. फवारणी होते, तरीही फळे सडतच राहतात.

चूक अशी की डिंक हे रोगाचे नाव नसून जखमेचे लक्षण आहे. काकडीवर्गीय पिकाच्या खोडाला किंवा फळाला कोणतीही इजा झाली की रस बाहेर येऊन वाळतो. फळमाशीची मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, तेव्हा त्या बारीक छिद्रातूनही डिंक येतो. म्हणून पहिल्या फोटोतील फळ थेंबाच्या जागीच आडवे कापून पाहावे. सालीखाली तपकिरी रेघ आणि आत पांढरट अळ्या किंवा बारीक लांबट अंडी सापडली, तर तो फळमाशीचा प्रादुर्भाव आहे आणि त्यावर बुरशीनाशकाचा काहीही उपयोग नाही. फळ नुसते वाकडे किंवा एका बाजूला आखूड असेल आणि छिद्र किंवा अळी नसेल, तर अपुऱ्या परागीभवनाचीही शक्यता धरावी. फोटोत ही दोन्ही फळे सारखीच दिसतात.

दुसऱ्या फोटोत चूक वेगळी आहे. मान टाकलेल्या वेलाचा फोटो दुरून काढला जातो आणि तो पाहून ‘मर’ असा निष्कर्ष निघतो. खरी माहिती मल्चिंग पेपरच्या छिद्राखाली असते. तेथील माती हाताने बाजूला करून खोडाच्या बुडाचा जवळून फोटो घ्यावा. डिंक्यात बुडाशी किंवा पेऱ्याजवळ साल पाणी लागल्यासारखी होऊन तपकिरी पडते, भेगांतून डिंकाचे थेंब येतात आणि जुन्या डागांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. पानांवरचे डाग बहुधा कडेपासून आत सरकतात. केवळ डिंक पाहून मात्र येथेही निर्णय घेऊ नये, कारण मर रोगातही खरबुजाच्या खोडावर डिंक येऊ शकतो. खोड उभे चिरावे: मरमध्ये आतील रसवाहिन्या तपकिरी पडतात, तर डिंक्यात इजा मुख्यतः सालीच्या बाजूने असते. सकाळी फोटो काढताना दवाचा थेंब डिंक समजला जातो, तेव्हा बोटाने स्पर्श करून चिकटपणा तपासावा.

बुड पूर्ण वेढले गेलेला वेल औषधाने परत उभा राहत नाही; तो उपटून शेताबाहेर न्यावा, कारण डिंक्याची बुरशी पिकाच्या अवशेषांत टिकते आणि बियाण्यातूनही येते. ठिबकचा ड्रीपर खोडाला चिकटलेला असेल, तर तो थोडा दूर सरकवावा. पाने ओली असताना वेल हलवणे, तोडणी करणे टाळावे.

भुरी ओळखणे त्या मानाने सोपे आहे: पांढरी भुकटी जुन्या पानांपासून सुरू होते, दोन्ही बाजूंना येते आणि बोटाने पुसली जाते. फोटोत मात्र रस्त्याकडेची धूळ किंवा फवारणीचे वाळलेले डागही तसेच दिसतात. भुरीने दुबळी झालेली पाने डिंक्याला लवकर बळी पडतात, त्यामुळे तिच्याकडे ‘शेवटी येतेच’ म्हणून दुर्लक्ष करणे मला परवडणारे वाटत नाही. पण गंधक फवारताना तापमान पाहावे. पारा 32 अंशांच्या पुढे असताना गंधकाने खरबुजाची पाने करपू शकतात आणि हा करपाही पुढच्या फोटोत रोग म्हणून पाठवला जातो. मराठवाड्यातील मार्च-एप्रिलच्या दुपारी तर तो धोका रोजचाच असतो.

आता पुन्हा फळमाशीकडे. क्यू ल्यूर या गंधाच्या आमिषाचे सापळे लावले की काम झाले, हा गैरसमज मोठा आहे. ल्यूर केवळ नरांना ओढते. अंडी घालणारी मादी त्यात सापडत नाही. शिवाय अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते. त्यामुळे फळे लागण्यापूर्वीच एकरी किमान 5 सापळे लावावेत आणि डंख झालेली, गळलेली फळे वेचून सुमारे दोन फूट खोल पुरावीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. ही फळे बांधावर फेकली, तर पुढची पिढी तेथूनच परत येते. अळी फळाच्या आत असल्याने वरून मारलेले कीटकनाशक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. काकडीची तोडणी एक-दोन दिवसांआड सुरू असल्यामुळे फवारणी आणि तोडणी यांमधला लेबलवरील प्रतीक्षा काळ पाळणेही अवघड होते. म्हणून तोडणी सुरू झाल्यावर फवारणीपेक्षा वेचणीवर भर द्यावा.