ज्वारी उपटण्याआधी हातांचे घट्टे बघून घ्या

जानेवारी सरत आला की मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडं मालदांडीच्या काढणीची गडबड सुरू होते. आपल्याकडं ज्वारी बरेच जण अजून हातानं उपटतात, आणि तळहात फाटतात ते याच कामात. थंडीनं कातडी कोरडी पडलेली असते, काळी रानं वाळून आवळलेली असतात, त्यामुळं एकेका ताटाला चांगलाच हिसका द्यावा लागतो.

घट्टा वाईट नाही. सारखा दाब आणि घासणं होत राहिलं की वरची कातडी जाड होते आणि आतल्या कातडीला राखते. म्हणून तो मुळासकट काढायचा नसतो. त्रास देतो तो त्याचा उंचवटा. बोटांच्या बुडाशी घट्ट्याची कड वर आली की ताट ओढताना सगळा ताण त्या कडेवर येतो. घट्टा कडक, शेजारची कातडी मऊ, त्यामुळं ती बरोबर त्या कडेला उचकटते. बऱ्याचदा आधी घट्ट्याखाली पाणी धरतं आणि पुढच्या हिसक्याला वरचं साल निघून येतं.

समजा, सोलापुरात जिमला जाणारा पोरगा रविवारी गावाकडं काढणीला येणार आहे. लोखंडी बार धरून त्याचे घट्टे आधीच उंच झालेत. त्यानं गुरुवारी किंवा शुक्रवारी रात्रीच हात तयार करावेत. कामाच्या सकाळी नको, कारण भिजवून घासलेली कातडी काही वेळ कमजोर राहते. कोमट पाण्यात पाच ते दहा मिनिटं हात बुडवून ठेवायचे. मग पाय घासायची स्वच्छ वजरी घेऊन, ती आपली स्वतःची असावी, एकाच दिशेनं हलक्या हातानं घासायचं. मध्ये मध्ये थांबून बोट फिरवून बघायचं. कड हाताला लागेनाशी झाली, घट्टा आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचितच वर राहिला की पुरे. कातडी गुलाबी दिसायला किंवा चुरचुरायला लागली तर जरा जास्तच घासलं असं समजा आणि तिथंच थांबा. एका दिवसात सगळा उंचवटा जात नसेल तर राहू द्या, दोन-तीन दिवसांनी पुन्हा थोडं घासा.

ब्लेड, वस्तरा, नेलकटर यांनी घट्टा तासू नका. कड किती खोल आहे ते दिसत नाही आणि जिवंत कातडी कापली जाते. साखरेचा आजार असणाऱ्यांनी आणि हाताला बधिरपणा असणाऱ्यांनी घरी घासूच नये, डॉक्टरांना दाखवावं. कुरूप घालवायच्या पट्ट्या आणि औषधंही त्यांनी लावू नयेत. घट्ट्यासारख्या दिसणाऱ्या गाठीत बारीक काळे ठिपके असतील तर ती चामखीळ असू शकते. तीही घासायची नाही.

घासून झाल्यावर हात पुसून रात्री व्हॅसलिन किंवा औषध दुकानातलं दहा टक्के युरियाचं मलम लावा. गोणीतला खताचा युरिया नव्हे, हे सांगायला लागतंय! चिरा किंवा जखम असेल तिथं हे मलम झोंबतं, तिथं साधं व्हॅसलिनच ठीक. कामाला जाताना मात्र हात कोरडे असू द्या, चिकट हातातून ताट सरकतं आणि घासणं वाढतं.

रानात मूठ कशी धरता यावर बरंच अवलंबून असतं. ताट बुडाशी धरून सरळ वर ओढा, मुठीत पिळू नका. हातमोजे घालायचे तर हाताला बसणारे, तळव्याला रबराचा थर असलेले घ्या. सैल मोज्याची घडी पडते आणि तीच घासते. जिममध्येही बार तळहाताच्या मध्यात न धरता बोटांच्या बुडाशी धरला तर कातडीची घडी कमी पडते. रान फारच आवळलं असेल तर विळ्यानं कापून घ्या. कडब्याची लांबी चार बोटं कमी भरेल, पण हात शाबूत राहतील.

एवढं करूनही साल निघालंच तर ते ओढून तोडू नका. साबणानं वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, माती राहू देऊ नका. लोंबणारा सुटा भाग स्वच्छ कात्रीनं कापा, चिकटलेला तसाच ठेवा. व्हॅसलिन लावून पट्टी बांधा आणि रोज बदला. चुना, माती, तंबाखू काही भरू नका. जखमेत शेणखत किंवा माती गेली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच किंवा जास्त वर्षं झाली असतील, किंवा आठवतच नसेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. लाली पसरत चालली, हात सुजून गरम झाला, पू आला, ताप भरला किंवा मनगटाकडं लाल रेघ चढताना दिसली तर काढणी दुसऱ्यावर सोपवून तातडीनं दवाखाना गाठा. साधी जखम असेल तर नवी कातडी धरून दुखायचं थांबेपर्यंत त्या हातानं उपटणी नको. तोवर पेंढ्या बांधायचं किंवा कणसं मोडायचं काम घ्या.