चार्जवरून करंट, कार्यावरून पॉवर: एका कपॅसिटरवर दोन्ही कसे काढावेत

करंट म्हणजे चार्जचा डेरिव्हेटिव्ह, I = dQ/dt. पॉवर म्हणजे कार्याचा डेरिव्हेटिव्ह, P = dW/dt. ही दोन सूत्रं बारावीपर्यंत सगळ्यांची पाठ असतात. पण हातात प्रत्यक्ष रीडिंग आली की बरेच जण सरळ Q भागिले t करून मोकळे होतात आणि उत्तर दीडपट चुकतं. सावकाश भरणारा कपॅसिटर घेतला, तर दोन्ही डेरिव्हेटिव्ह एकाच प्रयोगात काढता येतात आणि ते बरोबर आले का, हेही तिथेच तपासता येतं.

सामान आणि जोडणी

९ व्होल्टची बॅटरी, ४७ किलोओहमचा रेझिस्टर (पट्टे पिवळा, जांभळा, नारिंगी), १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (१६ किंवा २५ व्होल्टचा) आणि डिजिटल मल्टिमीटर. बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून कपॅसिटरचा प्लस, कपॅसिटरच्या मायनसपासून बॅटरीचा मायनस, अशी एकसरी जोडणी करा. कपॅसिटरच्या ज्या बाजूला उभा पट्टा छापलेला असतो ती मायनस. ती उलटी जोडू नका. उलट्या व्होल्टेजने आतला ऑक्साइडचा थर खराब होतो. या सर्किटमध्ये रेझिस्टर करंट अडवतो म्हणून निभावतं, पण रेझिस्टरशिवाय उलटा जोडला तर कपॅसिटर तापून फुटू शकतो.

सुरू करण्यापूर्वी कपॅसिटरच्या दोन पायांना १ किलोओहमचा रेझिस्टर दहा सेकंद लावून तो रिकामा करा. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून कपॅसिटरला जोडा. ऑटो रेंजवर मध्येच आकडा उडी मारतो, म्हणून रेंज हातानेच लावलेली बरी. मीटर आणि स्टॉपवॉच एकाच चौकटीत येतील असा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि नंतर दर दहा सेकंदांना थांबवून आकडे उतरवा. डोळ्यांनी बघत लिहायला गेलं की अर्ध्या सेकंदाची चूक ठरलेलीच.

घटक छापील किमतीचे आहेत आणि बॅटरी बरोबर ९.०० व्होल्ट देते असं धरलं, तर आकडे असे येतात:

| वेळ (सेकंद) | कपॅसिटरवरचं व्होल्टेज |
|---|---|
| ० | ०.०० |
| १० | १.७२ |
| २० | ३.१२ |
| ३० | ४.२५ |
| ४० | ५.१६ |
| ५० | ५.८९ |
| ६० | ६.४९ |

पायरी १: व्होल्टेजवरून चार्ज

Q = CV. एककं आधी तपासू. फॅरड म्हणजे कूलोम प्रति व्होल्ट. त्याला व्होल्टने गुणलं की व्होल्ट कटतो आणि कूलोम उरतो. ठीक.

१००० मायक्रोफॅरड मुद्दाम निवडला आहे. तो ०.००१ फॅरड, म्हणजे १ व्होल्टला १ मिलिकूलोम. त्यामुळे ३० सेकंदांना ४.२५ व्होल्ट म्हणजे ४.२५ मिलिकूलोम, तक्त्यातला व्होल्टेजचा रकाना हाच चार्जचाही रकाना.

इथे एक घोटाळा टाळा. सूत्रातला C म्हणजे कपॅसिटन्स आणि एककातला C म्हणजे कूलोम. तसंच W कधी कार्य, कधी वॅट. वहीत राशी इंग्रजी अक्षरांत आणि एककं देवनागरीत लिहिली की भांडणच मिटतं.

पायरी २: चार्जवरून करंट

आपल्याला ३० व्या सेकंदाचा करंट हवा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरची रीडिंग घ्या, २० आणि ४० सेकंदांची:

I ≈ (५.१६ − ३.१२) / (४० − २०) = २.०४ / २० = ०.१०२

वर मिलिकूलोम, खाली सेकंद, म्हणून उत्तर मिलिकूलोम प्रति सेकंद. कूलोम प्रति सेकंद म्हणजेच अँपिअर, तेव्हा करंट ०.१०२ मिलिअँपिअर, म्हणजे १०२ मायक्रोअँपिअर.

आता वेगळ्या वाटेने पडताळा. हाच करंट रेझिस्टरमधूनही जातो आणि रेझिस्टरवर उरलेलं व्होल्टेज ९ − ४.२५ = ४.७५. त्याला ४७,००० ओहमने भागलं की १०१ मायक्रोअँपिअर. एक टक्क्याच्या आत जुळलं. एककही जुळतं, कारण व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर.

नेहमीची चूक इथे होते. Q/t केलं तर ४.२५ भागिले ३०, म्हणजे १४२ मायक्रोअँपिअर. एकक अगदी बरोबर, उत्तर चूक. हा पहिल्या तीस सेकंदांचा सरासरी करंट आहे, तिसाव्या सेकंदाचा नव्हे. सुरुवातीला करंट १९१ मायक्रोअँपिअर होता आणि तो सतत उतरत आला आहे. दुसरी चूक जरा आतली आहे: ३० आणि ४० ची रीडिंग घेऊन आलेला ९१ हा आकडा ३० च्या पुढे लिहिला जातो. तो खरं म्हणजे ३५ व्या सेकंदाचा करंट आहे.

मग अंतर कमी केलं तर उत्तर आणखी अचूक यायला नको का? कागदावर हो, मीटरवर नाही. ३० ते ३१ सेकंदांत व्होल्टेज जेमतेम ०.१० ने वाढतं आणि मीटरचा शेवटचा अंक ०.०१ चा. एका अंकाचा फरक म्हणजे उत्तरात दहा टक्के फरक. उलट ० ते ६० घेतलं तर वक्राचा बाक आड येऊन १०८ मिळतात. दहा-दहा सेकंदांची बाजू हा या सर्किटपुरता सोयीचा मध्य आहे. दुसऱ्या सर्किटमध्ये RC बघून तो पुन्हा ठरवावा लागेल.

सूत्रातूनही हेच काढता येतं आणि तिथे एककांची खरी मदत होते. V0 म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज:

```
Q = C·V0·(1 − e^(−t/RC))
I = dQ/dt = C·V0·(1/RC)·e^(−t/RC) = (V0/R)·e^(−t/RC)
```

RC चं एकक ओहम गुणिले फॅरड. ओहम म्हणजे व्होल्ट प्रति अँपिअर, फॅरड म्हणजे कूलोम प्रति व्होल्ट. उरतं कूलोम प्रति अँपिअर, म्हणजे सेकंद. इथे ४७ सेकंद. म्हणून t/RC ला एकक नाही, आणि घातांकाला ते असूनही चालणार नाही. डेरिव्हेटिव्ह घेताना चेन रूलने बाहेर येणारा 1/RC विसरलात तर उजव्या बाजूला कूलोमच राहतो, अँपिअर होत नाही. अशी चूक एकक लगेच पकडतं.

पायरी ३: कार्य

कपॅसिटर भरण्यासाठी झालेलं कार्य W = ½CV². एकक: फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग म्हणजे कूलोम गुणिले व्होल्ट. व्होल्ट म्हणजे ज्यूल प्रति कूलोम, तेव्हा ज्यूल उरतो.

२० सेकंदांना ½ × ०.००१ × ३.१२² = ४.८७ मिलिज्यूल. ४० सेकंदांना ½ × ०.००१ × ५.१६² = १३.३१ मिलिज्यूल.

पायरी ४: कार्यावरून पॉवर

P ≈ (१३.३१ − ४.८७) / २० = ०.४२ मिलिवॅट. मिलिज्यूल प्रति सेकंद म्हणजे मिलिवॅट.

पडताळा P = VI ने: ४.२५ व्होल्ट × १०१ मायक्रोअँपिअर = ०.४३ मिलिवॅट. एकक: (ज्यूल/कूलोम) × (कूलोम/सेकंद) = ज्यूल/सेकंद. उरलेला थोडा फरक त्या बाकामुळेच आहे: ३.१२ आणि ५.१६ यांची सरासरी ४.१४ येते, मधलं खरं रीडिंग मात्र ४.२५.

हुशार विद्यार्थीही फसतात तो सापळा याच पायरीवर आहे. W = ½QV असं लिहायचं, V स्थिर धरून डेरिव्हेटिव्ह घ्यायचा आणि P = ½VI म्हणायचं. उत्तर ०.२१ मिलिवॅट, बरोब्बर निम्मं. पण V स्थिर नाही, तो Q बरोबर वाढतो. W = Q²/2C लिहा; डेरिव्हेटिव्ह (Q/C)·dQ/dt, म्हणजे VI, आणि अर्धा आपोआप जातो. ही चूक एककांना कळत नाही, कारण ½ ला एककच नाही. एकक जुळलं म्हणजे उत्तर बरोबर, असं म्हणूनच समजू नये.

कोणाची पॉवर, हेही लिहून ठेवा. ३० व्या सेकंदाला बॅटरी ९ × १०१, म्हणजे ०.९१ मिलिवॅट देते. त्यातले ०.४३ कपॅसिटरमध्ये साठतात आणि ०.४८ रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात. बेरीज जुळली तर तिन्ही आकडे ठीक.

गंमत अशी की सुरुवातीला करंट सर्वांत जास्त असतो, पण कपॅसिटरला मिळणारी पॉवर शून्य, कारण V शून्य. ती वाढत जाऊन V अर्ध्यावर, ४.५ व्होल्टला, सर्वाधिक होते (सुमारे ३२.६ सेकंदांना, ०.४३ मिलिवॅट) आणि मग उतरते. म्हणून ३० सेकंदांच्या आसपास W चा आलेख सर्वांत उभा दिसतो, Q चा मात्र अगदी सुरुवातीला.

आकडे जुळले नाहीत तर

पायरी २ मधले दोन करंट पंधरा-वीस टक्क्यांनी वेगळे आले, तर आधी कपॅसिटरवर संशय घ्या. इलेक्ट्रोलिटिकची छापील किंमत अनेकदा ±२० टक्के असते. ९ व्होल्टचे ६३.२ टक्के, म्हणजे ५.६९ व्होल्ट, किती सेकंदांत येतात ते बघा. ४७ ऐवजी ५६ लागले तर C = ५६ / ४७,००० = सुमारे ०.००११९ फॅरड. ही किंमत घालून पायरी १ पासून पुन्हा करा.

पाच-सात मिनिटांनंतरही व्होल्टेज ९ च्या जवळ न जाता ८.६ ला अडकलं, तर दोष बहुधा मीटरचा. काही स्वस्त मीटरांचा आतला रोध १ मेगाओहम असतो. तो आणि ४७ किलोओहम मिळून ९ व्होल्टची वाटणी ८.६ वर थांबवतात. १० मेगाओहमच्या मीटरवर हा आकडा ८.९६ येतो. मीटर चांगलं असूनही व्होल्टेज अडकत असेल, तर कपॅसिटर आतून गळतो आहे. बरेच महिने न वापरलेला कपॅसिटर गळतो. तो तासभर रेझिस्टरमधून बॅटरीला जोडून ठेवला की गळती बहुतेक वेळा कमी होते.

आणि बॅटरी काढून हाच कपॅसिटर ४७ किलोओहममधून रिकामा करताना रीडिंग घेतली, तर Q आणि W दोन्ही कमी होत जातात, म्हणून करंट आणि पॉवर दोन्ही उणे येतात. ते चिन्ह पुसू नका: उणे पॉवर म्हणजे कपॅसिटर आता घेत नाही, देतो आहे.