मोटर अधूनमधून ट्रिप व्हायची, कारण रेल्वेचं निघालं

आमच्या कारखान्यातली मोठी इंडक्शन मोटर फेजांमधल्या असंतुलनाच्या रिलेवर ट्रिप व्हायची, आणि ते असंतुलनही काही मिनिटांपुरतंच दिसायचं. आतले सिंगल-फेज लोड बंद केले, तरी इनकमरवर, म्हणजे बाहेरची वीज आत येते तिथे, व्होल्टेजचं असंतुलन तसंच. म्हणजे दोष बाहेरचा.

ज्या १३२ केव्ही सबस्टेशनवरून आम्हाला वीज येते, तिथूनच रेल्वेचा २५ केव्ही ट्रॅक्शन ट्रान्सफॉर्मर दोन फेजांवर जोडलेला आहे. जड मालगाडी चढावर आली की तिचा सगळा भार त्याच दोन फेजांवर. ढोबळ हिशेब सोपा आहे: रेल्वेचा भार भागिले फॉल्ट लेव्हल, म्हणजे त्या जागी शॉर्ट सर्किट झालं तर ग्रिड किती एमव्हीए देऊ शकतं तो आकडा. १५ एमव्हीए भागिले ७५० म्हणजे २ टक्के. ऐकायला किरकोळ, पण असंतुलनातून येणाऱ्या उलट फिरणाऱ्या घटकाला मोटरचा अडथळा ती सुरू होतानाच्या अडथळ्याइतकाच कमी असतो, म्हणून करंटचं असंतुलन १२ टक्क्यांपर्यंत जातं आणि रोटर तापतो.

चौकशीत कळलं, दोनपैकी एक येणारी लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. ती सुरू झाल्यावर फॉल्ट लेव्हल जवळपास दुप्पट झाली, असंतुलन १ टक्क्यावर आलं. तोवर मोटरवरचा भार कमी ठेवला. रिलेची सेटिंग मुद्दाम वाढवली नाही.

शेजारची ट्रॅक्शन सबस्टेशनं वेगवेगळ्या फेजजोड्यांवर असतात, पण त्याचा फायदा ग्रिडला वरच्या पातळीवर होतो. आमच्या सबस्टेशनच्या बसवर एकच जोडी होती.