आधी पिन बघायची, मग स्टेपलर

सीएच्या आर्टिकलशिपच्या पहिल्या महिन्यात माझ्या वाट्याला ऑडिट कमी आणि व्हाउचरच जास्त आली. बिल, त्यामागे चलन, त्यामागे पावती, आणि वरच्या कोपऱ्यात पिन. दिवसाला दोनेकशे गठ्ठे सहज व्हायचे. त्यातच स्टेपलर अडकायला लागला की मी तो टेबलावर आपटायचो. ऑफिसातले शिपाईमामा तीन दिवस हे बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "अरे, त्याला मारू नकोस. बाहेर आलेली पिन बघ, तीच सांगते काय बिघडलंय ते."

खरंच सांगते. पिनेचे पाय कागदात शिरले पण खाली सरळ उभे राहिले, तर एक तर दाब पुरता बसलेला नसतो, नाही तर खालची खाचांची पट्टी जागेवर नसते. पाय आत वळण्याऐवजी बाहेर पसरले असतील तर ती पट्टी कोणीतरी फिरवलेली असते. बऱ्याच मोठ्या स्टेपलरांमध्ये ती फिरवता येते, कारण तात्पुरत्या जोडलेल्या कागदांची पिन नंतर सहज ओढून काढायची असते. पट्टी खालून वर दाबून अर्धा फेरा फिरवली की काम झालं. मी मात्र यावर अख्खी दुपार घालवली होती. पाय मध्येच दुमडून चुरगळले असतील तर बहुतेक वेळा कागद जास्त झालेले असतात. लहान १० नंबरच्या पिनेचे पाय जेमतेम ५ मिलिमीटरचे, त्यामुळे तिच्याकडून वीसच्या वर पानांची अपेक्षा करू नये. पाकिटावर २४/६ लिहिलेलं असतं, त्यात ६ म्हणजे पायाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि २४ म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. हा नंबर वाढला की तार बारीक होते, म्हणून २६/६ ची तार त्याहून बारीक. दोन्ही चालतात असं स्टेपलरवर लिहिलेलं नसेल तर ड्रॉवरमधल्या उरलेल्या पिना भरू नयेत.

माझा स्टेपलर मात्र वेगळंच करत होता. पिनांची नवी पट्टी भरली की छान चालायचा, आणि शेवटच्या दहा-बारा पिना उरल्या की पोकळ दाबला जायचा किंवा पिन तिरकी होऊन तोंडातच अडकायची. मामांनी टोपी पूर्ण उघडली, पिना काढून घेतल्या आणि तोंड ट्यूबलाइटसमोर धरलं. फटीत तिरकी बसलेली एक पिन दिसली. टोपीबरोबर वरची दाबपट्टी उचलली गेली होती, म्हणून पिनेवर आता कसलाच दाब नव्हता. त्यांनी सुई खालून फटीत घालून ती पिन वर ढकलली आणि चिमट्याने उचलली. सुरी किंवा ब्लेड घालायचं नाही. फटीच्या कडेला ओरखडा पडला की पुढची प्रत्येक पिन तिथेच अडते. हे सगळं करताना तोंड चेहऱ्याकडे धरायचं नाही, कारण सुटलेला तुकडा उडतो. माझ्या चष्म्यावर एक आदळला आहे.

पिन निघाली तरी काम संपलं नव्हतं. पिनांच्या नळीत डिंकाचा थर आणि तुटलेल्या तारेचा एक बारीक तुकडा होता. पट्टीतल्या पिना एकमेकींना डिंकानेच चिकटवलेल्या असतात, त्याचाच तो कचरा. जुन्या टूथब्रशने नळी साफ केली. तेल घालू का विचारलं तर मामा म्हणाले, "घाल, आणि मग साहेबांच्या बॅलन्स शीटवर डाग दाखव."

मग स्प्रिंग. पिनांना मागून रेटणारा जो पत्र्याचा तुकडा असतो, तो बोटाने मागे ओढून सोडायचा. त्याने टप्पकन पुढच्या टोकाला जाऊन बसायला हवं. आमचा अर्ध्यावर थांबून हळूहळू सरकत होता. पट्टी भरलेली असताना स्प्रिंग जास्त ताणलेली असते, म्हणून रेटा पुरतो. पिना कमी झाल्या की ताण उतरतो, आणि थकलेली किंवा एका बाजूला सरकलेली स्प्रिंग नेमकी तेव्हाच उघडी पडते. आमच्या स्प्रिंगचा आकडा खाचेतून निसटून कडेला अडकला होता. चिमट्याने तो परत बसवला, रेटणारा तुकडा टप्पकन पुढे गेला. वेटोळ्यांत मोठी फट पडेल इतकी स्प्रिंग ताणली गेली असेल तर तो खटाटोप करू नये. शंभर-सव्वाशेच्या स्टेपलरसाठी स्प्रिंग शोधत कोणी बाजारात हिंडत नाही.

शेवटी रद्दीचे चार कागद घेऊन मामांनी दहा पिना मारल्या. दाब एकाच झटक्यात, मध्ये न थांबता. अर्धवट दाबून परत सोडलं की पिन अर्धी बाहेर येते आणि पुढची तिच्यावर चढते. माझी सवय नेमकी तीच होती. दहाही पिना नीट वळल्या. स्टेपलर माझ्याकडे देत मामा म्हणाले, "आता कोऱ्या कागदावर बघून घे, मग बिलाला हात लाव."