भाषण टाईप केलंय, आता 'म्हणजे' कुठले उडवायचे?

तासगावात एका मेळाव्यातलं भाषण टाईप केलेलं, त्यात हे वाक्य होतं, "तर काय आहे की द्राक्षाला, म्हणजे आपल्या द्राक्षाला, छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर, बरं का, पाणी जपून द्यायचं, जपून!" आपण सवयीनं पहिला शब्द ठेवून पुढचा रिपीट उडवतो, तिथंच घोळ होतो, कारण बोलणारा माणूस दुसऱ्यांदा बोलताना स्वतःलाच दुरुस्त करत असतो, मग 'ऑक्टोबर'च गेलं तर छाटणी कुठली ते कळणारच नाही. म्हणून नंतरचं ठेवायचं, आधीचं आणि मधलं 'म्हणजे' काढायचं. 'तर काय आहे की', 'बरं का' सरळ डिलीट. शेवटचं 'जपून' मात्र रेकॉर्डिंग ऐकूनच ठरवा, आवाज चढवून म्हटलं असेल तर ते राहूदे. झालं असं: "ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्या द्राक्षाला पाणी जपून द्यायचं, जपून!"