खालचा उपग्रह वेगवान का? कक्षेचं गणित मांडताना या चुका टाळा

साधारण ४०० किलोमीटर उंचीवरचं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सेकंदाला सुमारे ७.६७ किलोमीटर वेगाने धावतं आणि दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करतं. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा, जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा भूस्थिर उपग्रह सेकंदाला जेमतेम ३.०७ किलोमीटर जातो आणि त्याच्या एका फेरीला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. हे आकडे अनेकांना पाठ असतात. पण मधल्याच एखाद्या उंचीसाठी वेग काढायला सांगितला, किंवा एका यानाने दुसऱ्याला कसं गाठायचं असं विचारलं, की बहुतेकांची गाडी त्याच ठरावीक ठिकाणी अडते. ती ठिकाणं ४०० किलोमीटरवरचा एकच उपग्रह घेऊन पाहू.

उंचीलाच त्रिज्या समजणं

वर्तुळाकार कक्षेसाठी दोन सूत्रं पुरतात:

```
v = √(GM / r)
T = 2π √(r³ / GM)
```

v म्हणजे वेग, T म्हणजे एका फेरीचा काळ, आणि GM म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान. GM ची किंमत ३,९८,६०० घ्यायची, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत राहते. सूत्रातला r हा पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. प्रश्नात उंची ४०० दिलेली असते, म्हणून r च्या जागी ४०० लिहिलं जातं. मग वेग येतो सेकंदाला ३१.६ किलोमीटर आणि फेरीचा काळ ८० सेकंद. हे उत्तर चुकलंय हे ओळखायला दुसऱ्या कुणाच्या उत्तराची गरज नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून कायमचं निसटून जायला सेकंदाला ११.२ किलोमीटर पुरतात, तेव्हा ३१ किलोमीटर वेगाची वस्तू पृथ्वीभोवती फिरत राहूच शकत नाही. दुसरी खूण काळाची. पृथ्वीभोवतीच्या कुठल्याही कक्षेचा काळ साधारण ८४ मिनिटांपेक्षा कमी आला, तर ती कक्षा जमिनीच्या आत गेली आहे असं समजावं आणि त्रिज्या पुन्हा तपासावी.

योग्य मांडणीत पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर मिळवायची. r झाला ६,७७१. वेग येतो ७.६७३ किलोमीटर प्रतिसेकंद आणि काळ ५,५४५ सेकंद, म्हणजे सुमारे ९२.४ मिनिटं.

याच चुकीचं एक लपलेलं रूप आहे, आणि मला ते जास्त घातक वाटतं, कारण त्यात सूत्र बरोबर पाठ असतं. उंची दुप्पट केली की सगळं खूप बदलेल, असं मनात धरलेलं असतं. ४०० ऐवजी ८०० किलोमीटर घ्या. r फक्त ६,७७१ वरून ७,१७१ वर जातो. वेग ७.६७ वरून ७.४६ वर येतो, तीन टक्क्यांनीही कमी होत नाही, आणि काळ सुमारे आठ मिनिटांनी वाढून १००.७ मिनिटं होतो. पृथ्वीच्या केंद्राकडून पाहिलं तर हे दोन्ही उपग्रह जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत.

‘खाली वाट छोटी, म्हणून फेरी लवकर’ एवढ्यावर थांबणं

हे अर्धं उत्तर आहे, आणि अर्धं असल्यामुळे ते बरोबर वाटतं. भूस्थिर कक्षेची त्रिज्या ४२,१६४ किलोमीटर, आपल्या उपग्रहाच्या ६.२३ पट. फक्त वाट लांबली असती तर फेरीचा काळही ६.२३ पट, म्हणजे साडेनऊ तासांच्या आसपास आला असता. प्रत्यक्षात तो २३ तास ५६ मिनिटं असतो. उरलेला फरक वेगामुळे पडतो. वरचा उपग्रह लांब वाटेवर चालतो आणि शिवाय सावकाश चालतो. ६.२३ चं वर्गमूळ जवळपास २.५, म्हणून वेग २.५ पट कमी. वाट ६.२३ पट आणि वेग २.५ पट कमी, म्हणजे काळ सुमारे १५.५ पट. ९२.४ मिनिटांना त्याने गुणलं की १,४३६ मिनिटं मिळतात, आणि तेच २३ तास ५६ मिनिटं आहेत. काळाचा वर्ग त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतो, या केप्लरच्या तिसऱ्या नियमातला घन आणि वर्ग असा दोन तुकड्यांत फोडून पाहिला की पुन्हा विसरत नाही.

आता वेग मुळात कमी का होतो? इथे अनेक जण ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं’ अशी सुरुवात करतात आणि तिथेच वाट चुकते. ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचं यान एकत्रच पडत असतात. उपग्रह सतत पडत असतो, आणि ते पडणं मोजून पाहिलं की वेगाचं कोडं सुटतं.

आपला उपग्रह एका सेकंदात पृथ्वीकडे ४.३५ मीटर पडतो. तो वर्तुळावर राहायचा असेल, तर त्याच सेकंदात त्याने आडवं इतकं अंतर कापायला हवं की तेवढ्यात त्याच्या वर्तुळाची वाटही सरळ रेषेपासून बरोबर ४.३५ मीटर खाली वळलेली असेल. ६,७७१ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर ते अंतर ७.६७ किलोमीटर निघतं. भूस्थिर उंचीवर ओढ इतकी क्षीण असते की एका सेकंदात उपग्रह फक्त ११ सेंटीमीटर पडतो. इतकं कमी पडणाऱ्याने सेकंदाला ७.६७ किलोमीटर कापले, तर वाट वळायच्या आत तो पुढे निघून जाईल आणि पृथ्वीपासून दूर फेकला जाईल. त्या मोठ्या वर्तुळावर ११ सेंटीमीटरच्या वळणाला ३.०७ किलोमीटरची चाल जुळते.

या हिशोबात उपग्रहाचं वस्तुमान कुठेच आलं नाही. जड आणि हलका उपग्रह एकाच उंचीवर एकाच वेगाने फिरतात. उत्तरात वस्तुमान शिल्लक राहिलं असेल, तर मांडणीत ते एका बाजूला कापायचं राहून गेलेलं असतं.

पुढच्याला गाठायला पुढे जोर लावणं

सूत्रं येणारी माणसंही इथे फसतात, आणि प्रशिक्षित अंतराळवीरही फसले आहेत. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ यानाचे कमांडर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या, कक्षेत सुटून तरंगणाऱ्या वरच्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्यांनी यान त्याच्या दिशेने ढकललं, जसं जमिनीवर किंवा विमानात कुणीही करेल. अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, इंधन खर्च होत राहिलं आणि अखेर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला.

काय होतं ते आकड्यांत पाहू. आपलं यान ४०० किलोमीटरवर आहे आणि त्याच कक्षेत १०० किलोमीटर पुढे दुसरं यान आहे. आपण पुढच्या दिशेने सेकंदाला ६ मीटर वेग वाढवला. या वाढीव वेगामुळे कक्षा लंबवर्तुळ होते आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला २१ किलोमीटर आणखी उंच जाते. लंबवर्तुळात काळ ठरतो तो अर्ध्या लांब अक्षावरून. वरच्या सूत्रात r च्या जागी तो घालायचा. तो इथे साडेदहा किलोमीटरने वाढला, म्हणून फेरी १३ सेकंदांनी लांबली. आपण मूळ जागी १३ सेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्यात पुढचं यान आणखी १०० किलोमीटर पुढे गेलेलं असतं. अंतर १०० चं २०० झालं.

उलट करा. सेकंदाला ६ मीटर ब्रेक लावा. पलीकडची बाजू २१ किलोमीटर खाली, ३७९ किलोमीटरवर येते. तिथपर्यंत घसरत जाताना यानाचा वेग वाढतो आणि तळाशी तो सुरुवातीच्या वेगापेक्षा सेकंदाला सुमारे १८ मीटर जास्त असतो. फेरी १३ सेकंदांनी लहान होते, आणि मूळ बिंदूवर परत येतो तेव्हा दुसरं यान शेजारी असतं. तिथे लगेच ६ मीटरचा धक्का पुढच्या दिशेने द्यायचा, नाहीतर पुढच्या फेरीत आपण त्याच्या १०० किलोमीटर पुढे निघून जाऊ. हा दुसरा धक्का विसरणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे.

मग ‘वेग वाढवला की यान वेगात जातं’ हे कधीच खरं नसतं का? काही मीटर अंतरावर, काही मिनिटांसाठी ते खरं असतं. म्हणून जोडणीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात सरळ पुढे सरकता येतं. अंतर किलोमीटरांत गेलं आणि वेळ फेरीच्या मोठ्या भागाइतका झाला, की कक्षेचा नियम वरचढ ठरतो. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ए हे यान जेमिनी ७ पर्यंत पोहोचलं, ते मुद्दाम खालच्या कक्षेत सोडलं होतं. खालून अंतर भरून काढत ते टप्प्याटप्प्याने वर चढलं.

दिवस २४ तासांचा धरणं

हे थोडक्यात. भूस्थिर कक्षेची त्रिज्या काढताना T म्हणून ८६,४०० सेकंद घातले, तर त्रिज्या सुमारे ७७ किलोमीटरने जास्त येते आणि असा उपग्रह रोज जवळपास एक अंश पश्चिमेला सरकतो. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी ८६,१६४ सेकंदांची असते, तीच घ्यायची.

हवेचा अडथळा उपग्रहाला मंद करतो असं गृहीत धरणं

४०० किलोमीटरवरही विरळ हवा असते आणि ती उपग्रहाला मागे ओढते. त्यामुळे तो हळूहळू खाली येतो, आणि खाली आला की वेग वाढतो. कक्षा ४०० वरून ३९० किलोमीटरवर आली, तर वेग सेकंदाला साधारण पावणेसहा मीटरने वाढतो. ऊर्जा फुकट मिळत नाही. उंची घटल्याने सुटलेल्या स्थितिज ऊर्जेपैकी निम्मी वेगात जाते आणि निम्मी घर्षणात उष्णता होऊन संपते.

हे ठाऊक नसलं तर उपग्रह पाहणाऱ्यांची, त्याचे रेडिओ संदेश पकडणाऱ्यांची हमखास फसगत होते. कक्षेची जुनी माहिती वापरून वेळ काढली जाते, ठरल्या मिनिटाला आकाशाकडे नजर लावली जाते, आणि उपग्रह दिसत नाही. हवेने मंद केला असेल म्हणून मग आणखी थोडी वाट पाहिली जाते. पण ३९० किलोमीटरवर फेरी १२ सेकंदांनी लहान झालेली असते. दिवसाला साडेपंधरा फेऱ्या धरल्या, तर एका दिवसात तो तीन मिनिटांहून जास्त लवकर येऊन निघूनही गेलेला असतो. खालच्या कक्षेतला, स्वतःचं इंजिन न वापरणारा उपग्रह वेळेवर दिसला नाही, तर आधी माहितीची तारीख बघावी, ताजी माहिती घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत ठरलेल्या वेळेच्या काही मिनिटं आधीपासून पाहायला सुरुवात करावी.